‘मने जिंकली’, पण जॅकेट खांद्यावर बसले होते का?

सांगली-साताऱ्यातल्या कोणत्याही वर्तमानपत्राची जानेवारी-फेब्रुवारीतली जुनी फाइल उघडा. स्नेहसंमेलनांचे दिवस असतात आणि आतल्या पानावर एक वाक्य हमखास सापडते : ‘विद्यार्थिनींनी सादर केलेल्या आकर्षक पेहरावांनी उपस्थितांची मने जिंकली.’ हे वाक्य मीही लिहिले आहे. एकदा नव्हे, निदान पंधरा-वीस वेळा.

दोन वर्षांपूर्वी अशीच बातमी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी त्या कार्यक्रमातल्या एका मुलीचा फोन आला. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची, गाव माण तालुक्यात. तिने घोंगडीच्या कापडाचे जॅकेट केले होते. आभार मानायला फोन आला असेल, असे वाटले. ती म्हणाली, “सर, जॅकेट खांद्यावर उभं राहत होतं की बसत होतं, एवढं तरी लिहायचं. सहा महिने मी त्याच्याशीच भांडत होते.” माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी ते पाहिलेच नव्हते. मी दिवे पाहिले, गर्दी पाहिली, प्रमुख पाहुणे किती वाजता आले ते पाहिले.

तेव्हा वाटले, ही आपल्या गावाकडच्या वार्ताहरांची उणीव. मग २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये एक शो झाला आणि हे दुखणे किती दूरवर पसरले आहे ते कळले. त्याची किंमत थेट आपल्याच भागाशी जोडलेली निघाली.

मिलानमध्ये नेमके काय घडले?

२२ जून २०२५ रोजी प्राडा या इटालियन कंपनीने पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठीचा पुरुषांचा संग्रह सादर केला. मिउच्चा प्राडा आणि राफ सिमन्स हे दोघे २०२० पासून या कंपनीचे कपडे एकत्र करतात. शोचे नाव होते ‘अ चेंज ऑफ टोन’, म्हणजे सूर बदलणे. एकूण ५६ पेहराव आणि त्यातल्या किमान सात पेहरावांत पायात होती ती उघड उघड आपली कोल्हापुरी. कंपनीच्या माहितीत मात्र तिचा उल्लेख फक्त ‘लेदर सँडल’ असा होता. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारतही नाही.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. समाजमाध्यमांवर संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिले. उत्तरात लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी मान्य केले की, या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तनिर्मित पादत्राणांच्या परंपरेतली आहे; रचना अजून प्राथमिक टप्प्यावर आहे, हेही सांगितले. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते हे भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. तो मान महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या दोन चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये याच दोन महामंडळांशी प्राडाचा करार झाला आणि भारतात बनवलेल्या सुमारे दोन हजार जोड्यांची योजना जाहीर झाली. किंमत एका जोडीला ८०० युरोच्या आसपास.

बातम्यांत ‘कोल्हापूर’ एवढेच नाव गाजले म्हणून सांगायला हवे : या मानांकनात आठ जिल्हे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणीच केली नाही. त्या शोचे मराठीत परीक्षण झाले नाही. आपण ‘चोरी’ लिहिले, ‘अभिमान’ लिहिले, किमतीचे आकडे लिहिले. चपलेच्या वर जे ५६ पेहराव होते, ते कसे होते, त्यांत ही चप्पल काय करत होती, हे लिहिले नाही. पाश्चात्त्य परीक्षकांनी कपडे पाहिले, पण पायाशी आल्यावर बहुतेकांचे शब्द संपले. ‘सपाट चामडी सँडल’ असे म्हणून ते पुढे गेले. मोघम शब्दांनी नाव पुसले गेले, असे माझे म्हणणे आहे. ज्याने तिचे भाग एकेक करून वर्णन केले असते, त्याला तिचे मूळ शोधावेच लागले असते.

तर मग ते परीक्षण कसे झाले असते, ते करून पाहू.

आकृती कशी पाहायची?

इंग्रजीत ज्याला सिल्हूट म्हणतात त्याला आपण आकृती म्हणू. माणूस उन्हाकडे पाठ करून उभा राहिला तर जमिनीवर त्याची जी सावली पडते, ती आकृती. त्यात रंग नाही, नक्षी नाही, चेहरा नाही. नऊवारी आणि पाचवारी लांबून ओळखू येतात त्या आकृतीने : नऊवारीत कासोटा असल्याने पाय वेगळे दिसतात आणि मागे कापडाचा फुगवटा येतो, पाचवारीत खाली सरळ एक खांब दिसतो. दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या असल्या तरी सावली सांगते कोणती कोणती.

शो पाहताना मी आता पहिल्यांदा आवाज बंद करतो आणि डोळे थोडे बारीक करतो. रंग विरघळतात, बाह्यरेखा उरते. मग तीन प्रश्न विचारायचे. वजन कुठे आहे : खांद्याला, कमरेला की खाली? कपडा अंगापासून कुठे सुटतो आणि कुठे परत टेकतो? आणि तो कुठे संपतो?

प्राडाचा शो असा पाहिला की दोन आकृत्या आलटून-पालटून येताना दिसतात. एक लांब आणि सरळ : वर कोट किंवा जॅकेट, खाली बाजूने पट्टे असलेली ट्रॅक पँट. वरचा भाग ऑफिसचा, खालचा मैदानाचा, आणि दोन्ही अंगाशी तशा शांतच. दुसरी आकृती मजेशीर आहे. वर साधा शर्ट आणि खाली आखूड, इलॅस्टिकने मांडीवर आवळलेली फुगीर चड्डी. आपल्याकडे लहान मुलींच्या फ्रॉकखाली जी ब्लूमर असते, तिचीच ही मोठी बहीण. आणि डोक्यावर काही ठिकाणी शंकूसारखी उंच टोपी, गवती धाग्यांची.

आता पाहा, पुरुषाच्या कपड्यांचे वजन एरवी खांद्यावर असते. कोट, लष्करी गणवेश, दोन्ही खांदा मोठा करतात. या दुसऱ्या आकृतीत फुगवटा मांडीवर आणला आहे आणि पाय जवळजवळ पूर्ण उघडे. त्यामुळे मोठा माणूस बालवाडीतल्या पोरासारखा दिसतो. हसू येते, ते येणे अपेक्षितच असावे. ‘पुरुषांच्या पेहरावातला धाडसी प्रयोग’ असे लिहिले असते तर यातले काहीच वाचकापर्यंत पोचले नसते. ‘फुगवटा खांद्यावरून मांडीवर आणला’ असे लिहिले की न पाहणाऱ्यालाही दिसते.

इथे एक चूक फार होते आणि माझीही झाली आहे : अंगाचे वर्णन कपड्याचे म्हणून करणे. मॉडेल उंच आणि बारीक असतो. ‘सडपातळ आकृती’ असे लिहिण्याआधी पाहावे की बारीक कोण आहे, पँट की माणूस. खात्री करायला चालताना पाय मागे जातो तो क्षण थांबवायचा. गुडघ्यामागे कापडाला घडी पडून मोकळी जागा राहत असेल तर पँट सरळ कापाची आहे, माणूस बारीक आहे.

कपडा काय करतो, हे व्हिडिओत कळते का?

थोडे कळते, बरेचसे कळत नाही. परीक्षकाने यातली रेघ स्वतः आखायला हवी.

कापडाची वागणूक म्हणजे ते कसे पडते, कुठे ताठ राहते, कुठे वळते, शिवण त्याला मदत करते की त्याच्याशी भांडते. यासाठी शब्द हवेत आणि ते आपल्या शिंप्यांकडे आहेत. उभा धागा, आडवा धागा, उरेब. मुंढा, घेर, चुणी, अस्तर, बकरम. यातला उरेब हा एकच शब्द घ्या. कापड तिरके, म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याच्या मधल्या कोनात कापले की ते ताणले जाते आणि अंगाच्या वळणावर पाण्यासारखे उतरते. तेच कापड उभ्या धाग्यात कापले तर सरळ लोंबते. त्यामुळे ‘फ्लोई गाऊन’ असे लिहिणाऱ्याने एक गोष्ट लपवलेली असते : तो गाऊन कापड हलके म्हणून वाहतो आहे, घेर मोठा म्हणून, की उरेब काप म्हणून? पहिल्यात श्रेय विणकराचे, दुसऱ्यात कापडाच्या बिलाचे, तिसऱ्यात कापणाऱ्याच्या हाताचे.

पुन्हा त्या ब्लूमरकडे. तिचा फुगवटा चालतानाही मोडत नाही. वरून आणि खालून चुण्यांत आवळलेले कापड मध्ये हवा धरून राहते. याचा अर्थ कापड पातळ पण ताठ विणीचे असावे. सुती पॉपलिन असे करते. तीच चड्डी जॉर्जेटमध्ये शिवली असती तर कापड मांडीला चिकटून खाली लोंबले असते आणि बाळाऐवजी तुंबान घातल्यासारखा माणूस दिसला असता. म्हणजे इथे आकृती कापडावर उभी आहे. ‘पॉपलिन असावे’ असे मी लिहितो, ‘पॉपलिन आहे’ असे नाही, कारण मी ते हाताने चुरगाळून पाहिलेले नाही. ‘असावे’ आणि ‘आहे’ यातला हा फरक परीक्षणात छापला गेलाच पाहिजे.

व्हिडिओत आतली शिवण दिसत नाही, अस्तर दिसत नाही, कापडाचे वजन दिसत नाही, वास येत नाही, आवाज येत नाही कारण वर संगीत असते. फोटोत तर हालचालही नाही. शो समोर बसून पाहणाऱ्यालाही एक पेहराव जेमतेम मिनिटभर दिसतो. मोघम स्तुतीची गरज बहुधा इथूनच निर्माण होते : जे कळले नाही ते विशेषणाने भरून काढायचे.

संकल्पना पत्रकात असते की कपड्यात?

शोच्या वेळी कंपनी एक टिपण देते. त्यात संकल्पना लिहिलेली असते आणि घाईतला वार्ताहर तेच उतरवतो. मीही उतरवले आहे : ‘निसर्ग आणि परंपरेचा संगम’. टिपण काय म्हणते ते सांगावे, पण मग कपड्यांकडे वळून विचारावे, हे तिथे आहे का?

प्राडाच्या टिपणाचा रोख असा होता की, कपड्यांना चिकटलेले अर्थ सोडवायचे, सत्तेचा आणि जोराचा आव उतरवायचा. जागाही त्याला साजेशी : फोन्दात्सिओने प्राडाचे एरवी मोठे नेपथ्य असणारे दालन मोकळे ठेवले, खिडक्यांतून दिवसाचा उजेड येऊ दिला, खाली फुलाच्या आकाराचे गालिचे टाकले. आता हा दावा कपड्यांवर तपासून पाहू.

कोट-जॅकेटवर तो टिकतो. कोट हा साहेबाचा, ट्रॅक पँट खेळाडूची; दोन्ही एकत्र आल्यावर साहेबाचा रुबाब उतरतो आणि खेळाडूचा जोरही. ब्लूमरवर तर तो फारच छान टिकतो, मोठ्या माणसाला बाळाचे कापड दिले की रुबाबाला जागाच उरत नाही. गवती टोपीवरही टिकतो, कारण समुद्रकिनाऱ्यावरची ती टोपी शहरी कोटावर आली की दोन्ही थोड्या वेड्यासारख्या दिसतात.

आणि मग चप्पल. इथे मला या शोचा खरा दोष दिसतो, आणि तो ‘चोरी’ या शब्दापेक्षा जास्त अवघड आहे. कोट, ट्रॅक पँट, ब्लूमर यांचे अर्थ पाहणाऱ्याला आधीच माहीत आहेत, म्हणून ते सुटे होताना दिसतात. मिलानमधल्या पाहणाऱ्याला कोल्हापुरीचा अर्थ माहीतच नाही. ज्याचा अर्थ सभागृहाला ठाऊक नाही, त्याचा अर्थ सोडवायचा कसा? तिथे ती फक्त एक उन्हाळी, निवांत, मोकळे पाऊल दाखवणारी वस्तू झाली. उरलेल्या पेहरावात संकल्पना काम करते; पायाशी ती थांबते. नाव दिले असते तर कदाचित चालली असती : साहेबाच्या कोटाखाली उसाच्या फडात वापरली जाणारी वहाण, हा अर्थांचा खरा झगडा झाला असता. श्रेय न देणे ही नीतीची चूक होतीच. पण ती डिझाइनचीही चूक होती, हे लिहिणारा परीक्षक मला कुठे भेटला नाही.

चपलेचे परीक्षण कसे लिहावे?

मिरजेच्या बाजारात चप्पल शिवणाऱ्या एका कारागिराला मी शोमधला फोटो मोबाइलवर दाखवला. मला त्यांच्याकडून संतापाचे एक वाक्य हवे होते, बातमीला उपयोगी पडेल असे. त्यांनी फोटो मोठा केला, पुन्हा छोटा केला. “कान हाय, अंगठा हाय, पट्टा हाय. आता तळ किती थराचा? शिवण वादीची का दोऱ्याची? फोटोत काय कळतंय साहेब. हातात द्या, मग बोलतो.”

परीक्षकाचे सगळे शिस्तीचे वागणे त्या पाच वाक्यांत होते. दिसते ते सांगितले, दिसत नाही ते विचारले, आणि न पाहता मत दिले नाही.

त्यांच्या शब्दांनी चपलेचे वर्णन असे होते. सपाट तळ, टाचेला उंची नाही. पायाच्या अंगठ्याला धरणारे चामड्याचे कडे, तो अंगठा. तिथून मधोमध मागे येणारी पट्टी पावलावरच्या आडव्या पट्ट्याला मिळते. त्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी तळातून वर आलेले पसरट कान धरून ठेवतात. हे सगळे मिलानच्या फोटोंत दिसते. चामडी सँडल जगात शेकडो प्रकारच्या आहेत. पण अंगठा, मधली पट्टी आणि तळातून निघालेले कान हे तिन्ही एकत्र आले की पत्ता आपोआप लागतो.

आता न दिसणारे. आपल्याकडे हा कान वरून डकवत नाहीत. तळाच्या दोन थरांच्या मध्ये घालून कडेने चामड्याच्या वादीने शिवतात, खिळा वापरत नाहीत. तळाला जाड कातडे, बहुधा म्हशीचे. ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले असते, म्हणून नवी जोडी ताठ असते, चावते, तेल पिते आणि मग हळूहळू मालकाच्या पावलाचा आकार घेते. रसायनात झटपट कमावलेले कातडे पहिल्या दिवसापासून मऊ असते, पण ते असे पावलाला ओळखत नाही. कापडाची वागणूक म्हणतात ती चामड्यालाही असते, ती अशी. फोटोवरून यातले काहीच ठरवता येत नाही. मिलानची जोडी कशी कमावली होती यावर बोलणाऱ्याने ती हातात घेतलेली असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट मात्र व्हिडिओत पाहता येते, ती म्हणजे चाल. कोल्हापुरीला मागे पट्टा नाही. ती अंगठ्याने धरून चालावे लागते, पाऊल थोडे आखूड पडते आणि टाच तळावर आपटते. बूट घालून ढांगा टाकणाऱ्या मॉडेलला चप्पल घातली की त्याची चाल बदलते, आणि चाल बदलली की वरच्या कोटाचे हलणे बदलते. आकृती डोक्यापासून पायापर्यंत एक असते, हे इथे पटते.

दोन उतारे

फरक कागदावर दिसावा म्हणून एकाच पेहरावावर दोन उतारे लिहून पाहिले. पहिला, जसा मी दोन वर्षांपूर्वी लिहिला असता : ‘प्राडाने या वेळी परंपरा आणि आधुनिकता यांचा सुरेख मेळ साधला. साधेपणातला रुबाब, मोहक रंगसंगती आणि पायात एथनिक टच देणारी सँडल यांमुळे हा फ्युजन लूक लक्षवेधी ठरला.’

दुसरा : ‘वर खांद्याला ताठ असलेले जॅकेट, खाली घोट्याशी संपणारी पट्ट्यांची ट्रॅक पँट. जॅकेटचा ताठपणा कमरेपर्यंतच टिकतो, खाली कापड सैल होते. साहेब वरच्या अर्ध्यातच उरला आहे. पँट घोट्याला थांबते म्हणून पाय उघडा दिसतो आणि त्यावर अंगठा, कान असलेली कोल्हापुरी घडणीची चप्पल, जिचे नाव कंपनीने दिलेले नाही. कापड सुती की मिश्र, हे अंतरावरून सांगता येत नाही. सैलावत जाण्याची कल्पना घोट्यापर्यंत स्पष्ट आहे. चप्पल त्यात का आली, हे कपडे सांगत नाहीत.’

पहिल्या उताऱ्यातला ‘फ्युजन’ हा शब्द मला आता सर्वांत घातक वाटतो. दोन गोष्टी मिसळल्या एवढेच तो सांगतो. कुणाची कोणती, कुणी घेतली आणि कुणाला विचारून, हे सगळे तो झाकतो. दुसऱ्या उताऱ्यात एकही स्तुती नाही आणि एकही शिवी नाही, तरी मत स्पष्ट आहे. ज्याला ते पटत नाही तो फोटो उघडून एकेका वाक्याशी वाद घालू शकतो. ‘लक्षवेधी’शी वाद कसा घालणार?

मग नाव दिले की सगळे ठीक?

नाही. ३० मार्च २०२३ रोजी दिओर या फ्रेंच कंपनीने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. तिथे भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या ‘चाणक्य’ या कार्यशाळेचे आणि तिच्या करिश्मा स्वाली यांचे नाव पहिल्या दिवसापासून पुढे होते. गेटवेसमोर भलेमोठे भरतकामाचे तोरण होते. श्रेयाच्या बाबतीत मिलानपेक्षा हा शो कितीतरी सरळ. पण आपली बातमी काय होती? कोणती नटी कोणत्या गाडीतून उतरली, आणि ‘डोळ्यांचे पारणे फिटले’. सरळ उतरणाऱ्या कोटांवर जड भरतकाम केले की कापड ओढले जाते; ते कुठे ओढले गेले आणि कुठे अस्तराने सावरले, साडीची आठवण देणारे स्कर्ट चालताना उघडत होते की गुंतत होते, हे प्रश्न तिथेही कुणी विचारले नाहीत. भरतकाम करणाऱ्याचे नाव छापून आले, त्याचे काम छापून आले नाही.

करारातल्या त्या दोन हजार जोड्यांचेही असेच व्हायला नको. त्या येतील तेव्हा ‘कोल्हापुरीचा डंका साता समुद्रापार’ हा मथळा तयारच असेल. मला त्याखाली चार ओळी वाचायच्या आहेत : तळ किती थरांचा आहे, कान थरांमध्ये घातला आहे की चिकटवला आहे, शिवण वादीची आहे का, आणि पंधरा दिवस घातल्यावर तळाने पावलाचा आकार घेतला का. त्यासाठी ती विकत घ्यायलाच हवी असे नाही. कुणाच्या तरी पायातली जोडी तासभर हातात मिळाली तरी यातले तीन प्रश्न सुटतात.

राहिले ते घोंगडीचे जॅकेट. गेल्या महिन्यात त्या मुलीला ते कार्यालयात घेऊन यायला सांगितले. आता ती पुण्यात एका शिवणकाम विभागात नोकरी करते. जॅकेट टेबलावर ठेवले तर जवळजवळ स्वतःच्या पायावर उभे राहिले. दोन वर्षे उशिराने, ते परीक्षण असे :

माणदेशी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली काळी घोंगडी. कापड जाड आणि खरखरीत, ते चुण्या घेत नाही. म्हणून आकृती चौकोनी ठेवली आहे, कमरेला आवळण्याचा प्रयत्नच केलेला नाही, आणि हा निर्णय बरोबर आहे. घोंगडीचे दोन पट्टे मधोमध जोडलेले असतात. तो मूळचा जोड तिने पाठीच्या मध्यावर आणला, त्यामुळे एक शिवण वाचली आणि घोंगडी घोंगडीसारखी दिसली. बाजूच्या शिवणी एकावर एक न घेता कडेला कड लावून जोडल्या आहेत, नाहीतर तिथे बोटाएवढी जाडी आली असती. बाहीला तो उपाय चाललेला नाही. मुंढा गोल आहे आणि एवढे जाड कापड गोलात बसवताना वर फुगले आहे. बाही खांद्याच्या सरळ रेषेत, बंडीसारखी जोडली असती तर हे टळले असते. ताण्याला लावलेली चिंचोक्याची खळ तिने शिवण्याआधी धुतली नव्हती. म्हणून त्या संध्याकाळी जॅकेट खांद्यावर बसले नाही, उभेच राहिले. दोन धुण्यांनंतर डावा खांदा बसला आहे. उजवा अजून नाही.